कॅटलॉग असा बनवा की गिऱ्हाईकाला फोन करावाच लागेल

दिवाळीचा सीझन जवळ आला की दर वर्षी कंपन्यांना भेटवस्तू पुरवणाऱ्या गिफ्टिंगवाल्यांच्या ऑफिसात कोणीतरी नवीन लागलेली मुलगी मीटिंगमध्ये म्हणते, "सर, यावेळी कॅटलॉग नीट एडिट करूया ना, लोकांना त्यात काही सापडतच नाही." तिला आधी बसवा, चहा मागवा, आणि शांतपणे समजावून सांगा की बाई, सापडलं तर ते फोन कशाला करतील? आणि फोन आला नाही तर आपल्या सेल्सच्या पोरांनी दिवसभर करायचं काय?

सुरुवात कव्हरपासून करू. पहिल्या पानावर लोगो, दुसऱ्यावर मालकांचा सुटाबुटातला फोटो, तिसऱ्यावर व्हिजन, चौथ्यावर मिशन, पाचव्यावर आपण ज्यांना एकदा दहा पेनं विकली त्या सगळ्या कंपन्यांचे लोगो. वस्तू सहाव्या पानाच्या आधी दिसता कामा नये. आणि हे सगळं फोटो म्हणून सेव्ह करा, म्हणजे पीडीएफमध्ये कोणी 'डायरी' टाईप करून शोधलं तरी शून्य रिझल्ट. फाईलचं नाव `Catalogue_Final_New_2(1).pdf` असंच राहू द्या, त्यात साल टाकू नका. साल टाकलं की जुने रेट कोणते हे कळतं, मग भांडायला जागाच उरत नाही.

आता प्रसंग. गिऱ्हाईक प्रसंग डोक्यात घेऊन येतं, हे खरंय. चाकणच्या कारखान्यातल्या माणसाला खंडेनवमीच्या पूजेनंतर कामगारांना काहीतरी द्यायचं असतं, सेफ्टीवाल्याला 4 मार्चच्या नॅशनल सेफ्टी डेसाठी पाहिजे असतं, हिंजवडीतल्या एचआरला महिला दिनासाठी. म्हणूनच तुम्ही प्रसंगानुसार काहीही लावू नका. 'रॉयल ऑरा कलेक्शन', 'सिग्नेचर एलिगन्स सिरीज' अशी नावं द्या आणि प्रत्येक वस्तूखाली 'सर्व प्रसंगांसाठी उपयुक्त' लिहून मोकळे व्हा. ती मुलगी म्हणेल की वस्तू एकदाच छापू, पण सुरुवातीला एक पान प्रसंगांचं देऊ, समोर वस्तूंचे कोड आणि पान नंबर, एकच बाटली चार प्रसंगांत आली तरी चालेल. तिला सांगा, पान वाया जातं. मालकांचा फोटो मोठा करायचाय.

खरी कला बजेटमध्ये आहे, इथे घाई करू नका. समजा तुमच्याकडे गरम-गार राहणारी स्टीलची बाटली आहे, तिचा रेट 420. ती बिनधास्त '500 च्या आत' या पानावर टाका. एका रंगात लोगोचे 35, डब्याचे 60, पोचवायचे नगामागे 15, हे सगळं मागच्या कव्हरच्या आत, राखाडी अक्षरात, 'अटी लागू' खाली. म्हणजे झाले 530. त्यावर 18 टक्के जीएसटी 95 रुपये 40 पैसे, एकूण 625 रुपये 40 पैसे. तिकडे एचआरच्या ताईंनी साहेबांकडून नगामागे 600 मंजूर करून घेतलेत, '500 च्या आत' वाचून वरचे 100 वाचवल्याचा आनंदही त्यांनी करून घेतलाय. कोटेशन गेल्यावर तो आनंद कसा उतरतो ते ऐकायला तरी फोन स्पीकरवर ठेवा.

इथे ती मुलगी परत तोंड उघडेल. म्हणेल, सर, वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट एरवी मिळतं पण भेट म्हणून वाटलेल्या मालावर ते कलम 17(5) खाली मिळत नाही, म्हणजे गिऱ्हाईकासाठी टॅक्स हा सरळ खर्चच आहे, त्यामुळे बजेटची पट्टी लोगो-डबा-टॅक्स-पोच सगळं धरून लावायला पाहिजे, म्हणजे ही बाटली '600 ते 750' मध्ये जाईल. आणि हॅम्परमध्ये बदामाचं पाकीट आणि बाटली एकाच किमतीत एकत्र विकली तर बदामाचे 5 टक्के विसरा, अख्ख्या डब्यावर जास्तीचा दर म्हणजे 18 लागतो, तेही आपणच हिशोबात धरून छापलं पाहिजे. मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर घातक आहे. '600 ते 750' मध्ये बाटली टाकली की ती महाग दिसते, शेजारचा सप्लायर तीच बाटली '500 च्या आत' दाखवतोय. सगळ्यांनी खोटं पान छापलं की खरं पान छापणारा वेडा ठरतो, एवढा व्यवहार तिला अजून कळलेला नाही. (तिने यावर सुचवलं होतं की दोन्ही आकडे छापा, साधी वस्तू 420, हातात पडेपर्यंत 625. पण तेवढी जागा कुठाय, तिथे 'प्रीमियम' लिहायचंय ना.)

किमान ऑर्डर हा प्रकार तर फारच सोपा. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्या. बाटलीखाली लिहा 'कमीत कमी 50'. आता 50 हे खरंच आहे, पण कोऱ्या बाटलीसाठी. लोगो टाकायचा तर छापणारा 100 च्या खाली मशीन लावत नाही, कारण स्क्रीन बनवायची आणि सेटिंग करायची मेहनत दहाला काय आणि शंभराला काय, तेवढीच. आणि कंपनीच्या रंगात छापलेला डबा पाहिजे तर डबेवाला 300 च्या आत हात लावत नाही, प्लेट, डाय आणि वाया जाणारा कागद त्याला कुठेतरी वसूल करायचा असतो. म्हणजे किमान ऑर्डर ही बाटलीला नसतेच, बाटली अधिक तिच्यावरचं काम, या जोडीला असते. हे तुम्हाला माहितीये, छापणाऱ्याला माहितीये, डबेवाल्याला माहितीये. गिऱ्हाईकाला माहिती नसणं एवढंच आपल्या हातात आहे, ते जपा.

ताईंना पाहिजेत 180. त्या 50 बघून खूश, दोन मीटिंगा झाल्या, डब्याचं डिझाईन साहेबांनी पास केलं, आणि मग तुम्ही सांगायचं की मॅडम, छापील डब्याला 300 लागतात. मग एकतर त्यांनी 120 डबे जास्तीचे घ्यायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत स्टोअरमध्ये ठेवायचे, किंवा साध्या डब्यावर कागदी पट्टा चढवायचा, जो 100 पासून होतो. हा पट्ट्याचा पर्याय कॅटलॉगमध्ये बाटलीशेजारीच एका ओळीत मावला असता, तरीपण नाही लिहायचा. तो शेवटी उपकार केल्यासारखा सांगायचा असतो, "तुमच्यासाठी म्हणून करतो मॅडम."

जॉइनिंग किटचं तर विचारूच नका. तिथे गिऱ्हाईकाला महिन्याला आठ-दहाच लागतात पण वर्षभर लागतात. '100 नग एकदम बनवून ठेवू, महिन्याला लागतील तसे पाठवू' एवढी एक ओळ छापली तर तो वर्षभर बांधला जाईल. त्यापेक्षा 'कमीत कमी 100' लिहा आणि जाऊ द्या त्याला.

आता दिवस. 'डिलिव्हरी 7 ते 10 दिवस*'. तो तारा महत्त्वाचा, पण तारा कशाचा ते पानावर कुठेही देऊ नका. कारण 10 दिवस कधीपासून हे एकदा लिहिलं की खेळ संपला. ते मोजायचे आर्टवर्क पास झाल्यावर आणि अर्धा अॅडव्हान्स जमा झाल्यावर, कामाचे दिवस धरून, प्रवास सोडून. ताईंच्या समजुतीने ते मोजायचे फोन ठेवल्यापासून.

2026 च्या दिवाळीचंच बघा. धनत्रयोदशी 6 नोव्हेंबरला शुक्रवारी, लोकं गावाला निघायच्या आधी म्हणजे बुधवारी 4 तारखेला वाटप, म्हणून सोमवारी 2 तारखेला माल ऑफिसात पाहिजे. प्रवासाला रविवार सोडून तीन दिवस, म्हणजे 29 ऑक्टोबरला गाडी निघाली पाहिजे. 29 धरून कामाचे 10 दिवस मागे मोजा, रविवार वगळा, 20 तारखेचा दसरा वगळा, तर काम 17 ऑक्टोबरला सुरू व्हायला हवं, म्हणजे आर्टवर्क आणि पैसे 16 ला हातात. त्याआधी सॅम्पल बघायला आणि मार्केटिंगवाल्यांनी लोगोचा निळा आमचा निळा नाहीये म्हणून परत पाठवायला आठवडा, व्हेंडर म्हणून आपलं नाव त्यांच्या सिस्टीममध्ये चढायला अजून थोडे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा संपेपर्यंत ताईंचं ठरलेलं पाहिजे. आणि त्या फोन करतात दसरा झाल्यावर, 22 ला, कारण 22 अधिक 10 म्हणजे 1 नोव्हेंबर, हिशोब तर पक्का आहे.

त्या मुलीचं म्हणणं असं की दिवस छापायचेच नाहीत, तारीख छापायची. दिवाळीच्या पानावर ठळक, 'लोगोसकट पाहिजे तर आर्टवर्क 16 ऑक्टोबरपर्यंत पास, कोरा तयार माल 28 पर्यंत', आणि खाली ही तारीख कशी काढली ते दोन ओळीत. तारीख वाचून माणूस स्वतःच घाई करतो म्हणे. असेल. पण मग 22 ला फोन येणार नाही, अर्जंट चार्ज लावता येणार नाही, रात्री बारापर्यंत जागून 'बघा, केलं ना' म्हणता येणार नाही. धंद्यात नातं असं तयार होतं.

एवढं करूनही तुमचा कॅटलॉग पुरेसा बिघडलाय का हे तपासायचं असेल तर सेल्सवाल्यांचं व्हॉट्सॲप उघडून बघा. 'सर यात टॅक्स धरलाय का', 'कमीत कमी किती', 'लोगोसकट किती दिवस' हे तीन मेसेज दिवसातून पाच-सहा वेळा येत असतील तर काम उत्तम चाललंय. उलट लोक थेट कोड आणि नग सांगून 'पीआय पाठवा' म्हणत आगाऊ बिलच मागायला लागले तर समजा कोणीतरी गुपचूप पानं नीट केलीत, आणि कोणी ते तुम्हाला माहितीच आहे.

तरीही ती ऐकत नसेल, प्रत्येक वस्तूखाली त्याच जागी, त्याच क्रमाने प्रसंग, हातात पडणारी किंमत, किमान नग आणि तारीख अशी चार घरांची पट्टी टाकायचीच म्हणत असेल, तर टाकू द्या, मन मोडू नका. फक्त पट्टीतले कोड कॅटलॉगचे ठेवा आणि एक्सेलच्या रेट लिस्टमध्ये गोडाऊनचे जुने कोड राहू द्या. आणि अनुक्रमणिका बनवून झाली की छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी मालकांच्या संदेशाची दोन पानं अजून आत सरकवा.