चॅटमधल्या स्कॅनची पीडीएफ: फॉरवर्डमधला एकेक दावा तपासून

फॉरवर्ड असा आहे: “व्हॉट्सॲपमध्येच स्कॅनर आलाय. चॅटमधून कागदाचा फोटो काढा, आपोआप पीडीएफ होते, क्वालिटी एकदम स्कॅनरसारखी. पीडीएफ झाली की ओरिजिनल धरतात, तिच्यात कुणी फेरफार करू शकत नाही. चॅट एन्क्रिप्टेड असते, त्यामुळे आधार-पॅन बिनधास्त पाठवा. सायबर कॅफेला आता एक रुपयाही देऊ नका.”

पहिलं वाक्य खरं आहे. आयफोनवर ही सोय डिसेंबर 2024 मध्ये आली, अँड्रॉइडवर पुढच्या वर्षी. तिथून पुढे मात्र प्रत्येक वाक्यात काहीतरी चुकतं, आणि त्या चुकांमुळे अर्ज परत येतात.

“आपोआप पीडीएफ होते”

लिहिण्याच्या पट्टीजवळच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवून काढलेला तो फोटोच राहतो, पीडीएफ होत नाही. शिवाय फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. साध्या दर्जात लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेल उरतात. ए-फोर पानाची उंची 11.7 इंच, म्हणजे पान चौकटभर असलं तरी इंचाला जेमतेम 137 पिक्सेल. शिक्क्यातली गोल फिरणारी बारीक अक्षरं आणि नोंदणी क्रमांक एवढ्यात नीट वाचता येत नाहीत.

स्कॅनची वाट वेगळी आहे. अँड्रॉइडवर पिनेचं चिन्ह, आयफोनवर अधिकचं चिन्ह, तिथे `Document`, आणि त्यात `Scan document`. ही फाइल दस्तऐवज म्हणून जाते, म्हणून वाटेत तिचा दर्जा कमी होत नाही. 12 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांब बाजूला 4000 पिक्सेल असतात. फोन पानावर साधारण एक फूट उंच धरला की पान चौकटीचा पाऊण भाग व्यापतं आणि इंचाला अडीचशेच्या आसपास पिक्सेल मिळू शकतात. ऑफिसच्या कामाला तेवढं पुरतं. फोन आणखी वर नेला की हा आकडा घसरत जातो, आणि नंतर कितीही कातरलं तरी गेलेला तपशील परत येत नाही.

अनेक पानं असतील तर पहिल्या पानानंतर लगेच पाठवायचं नाही. आयफोनवर `Keep Scan` दाबलं की कॅमेरा पुढच्या पानासाठी उघडाच राहतो, सगळी पानं झाल्यावर `Save`. अँड्रॉइडवर पान जोडायचं बटण खाली असतं. ही पायरी चुकली की तीन पानांच्या तीन फायली जातात आणि पलीकडच्या माणसाला क्रम लावत बसावं लागतं. पाठवल्यावर चॅटमधल्या फाइलखाली पानांची संख्या आणि आकार दिसतो. तिथे तीन पानं दिसली पाहिजेत.

“क्वालिटी एकदम स्कॅनरसारखी”

पीडीएफ हे फक्त पाकीट आहे. आत काय जाणार हे फोटो काढतानाच ठरतं. पाचशेच्या मुद्रांकावरचं, नोटरी केलेलं हमीपत्र घ्या. पान ए-फोरपेक्षा लांब, कागदावर फिकट नक्षी, मजकूर काळा, सही निळी, नोटरीचा गोल शिक्का जांभळा आणि बहुतेक वेळा अर्धवट उठलेला. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, क्रमांक आणि तारीख.

आधी जागा. पांढऱ्या टेबलावर किंवा फिकट फरशीवर ठेवलेल्या पांढऱ्या कागदाच्या कडा ॲपला सापडत नाहीत. मग ते भलतीच चौकट धरतं आणि खालची ओळ कापली जाते. गडद चादर किंवा काळा फोल्डर खाली घातला की चारही कोपरे लगेच पकडले जातात. घडीच्या खुणा तळहाताने सपाट करून घ्या. कोपरे ओढून तिरपं पान सरळ करता येतं, पण घडीमुळे उचललेला मधला भाग सरळ होत नाही, तिथल्या ओळी वाकड्याच राहतात.

मग उजेड. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली फोन धरला की फोनची आणि हाताची सावली नेमकी पानावर पडते. खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल असं बसा आणि फ्लॅश बंद ठेवा. लॅमिनेट केलेल्या कागदावर तर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालची अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. ॲप आपोआप क्लिक करतं तेव्हा हात अजून हलत असतो, म्हणून `Auto` काढून `Manual` करा आणि स्वतः बटण दाबा.

सर्वात जास्त नुकसान मात्र फिल्टर करतो. कृष्णधवल फिल्टर लावला की पान झकास दिसतं, स्वच्छ पांढरं, अक्षरं ठसठशीत. पण या फिल्टरला प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवायचं असतं. जांभळ्या शिक्क्याचा फिकट अर्धा भाग तो पांढऱ्यात टाकतो, म्हणजे नोटरीचं नाव राहतं आणि नोंदणी क्रमांक उडतो. उलट मुद्रांकावरच्या नक्षीचे जे ठिपके काळ्यात पडतात, त्यांचे डाग मजकुराच्या अंगावर येतात. निळी सही काळी झाली की ती मूळ कागदावरची की झेरॉक्सवरची, हे तपासणाऱ्याला कळत नाही. शिक्का आणि सही असलेल्या कागदाला रंगीतच ठेवा. नुसता छापील काळा मजकूर असेल तर करड्या छटेचा फिल्टर चालतो.

अँड्रॉइडच्या स्कॅनरमध्ये डाग पुसायची सोयही मिळते. चहाचा डाग किंवा बोटाची कड घालवायला ती बरी आहे, पण सही, शिक्का किंवा तारखेच्या जवळपास ती वापरू नका. तिने पुसलेली जागा कागदावर जशी आहे तशी राहत नाही, आणि दस्तऐवजावर तीच गोष्ट संशयास्पद ठरते.

पुढची बाजू झाली की मागची बाजूही त्याच फाइलमध्ये घ्या. कोरी दिसते म्हणून ती सोडून देतात, आणि मुद्रांक कधी, कोणाच्या नावाने घेतला हे तिथेच लिहिलेलं असतं. पाठवण्याआधी फाइल स्वतःच्याच नंबरवर पाठवून उघडा, शिक्क्यावर दोन बोटांनी मोठं करा आणि क्रमांक एकेक अंक वाचून पाहा. तुम्हाला वाचता आला नाही, तर तपासणाऱ्यालाही येणार नाही. स्वतःकडे प्रत ठेवायचा हा सोपा मार्गही आहे. चॅटमध्ये केलेला स्कॅन गॅलरीत सापडेल असं धरून चालू नका, चॅट पुसली की तोही जाऊ शकतो.

“ओरिजिनल धरतात, फेरफार करता येत नाही”

स्कॅन केलेल्या पीडीएफच्या पानावर एक चित्र असतं, बस. ते चित्र बाहेर काढून, त्यातली तारीख बदलून पुन्हा पीडीएफ करता येते, त्यासाठी फार कौशल्यही लागत नाही. फेरफार कळून यायला डिजिटल स्वाक्षरी लागते, आणि ती कागदावर नसते, फाइलमध्ये असते.

इथे लोक एक मोठी चूक करतात. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा डाउनलोड करतात, त्याची प्रिंट काढतात आणि ती प्रिंट फोनने स्कॅन करून बँकेला पाठवतात. मूळ फाइलमध्ये स्वाक्षरी होती, स्कॅनमध्ये स्वाक्षरीचं नुसतं चित्र आहे. पानावरचा पडताळणी क्रमांक स्वच्छ वाचता आला तर बँक तो संकेतस्थळावर टाकून पाहू शकते, एवढाच आधार उरतो. मूळ फाइल होती तशी पाठवली असती तर कामही कमी झालं असतं आणि स्वाक्षरीही टिकली असती. डिजिलॉकरमधल्या कागदांनाही हेच लागू. जो कागद फाइल म्हणूनच जन्माला आला, तो स्कॅन करू नका.

मजकुराबद्दलही गैरसमज आहे. ही पीडीएफ उघडून एखादं आडनाव किंवा गट क्रमांक शोधला, तर काही सापडत नाही, कारण आत अक्षरं नाहीत, अक्षरांचा फोटो आहे. कुणी “मजकूर कॉपी करता येईल अशी पीडीएफ द्या” म्हणालं, तर चॅटमधला स्कॅन त्यासाठी चालणार नाही.

“एन्क्रिप्टेड आहे, बिनधास्त पाठवा”

एन्क्रिप्शनमुळे फाइल वाटेत कुणी वाचू शकत नाही. ती पोहोचल्यावर समोरच्याच्या फोनमध्ये उघडी पडलेली असते, त्याच्या जोडलेल्या संगणकावर असते, आणि त्याने बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू केलं नसेल तर बॅकअपमध्येही तशीच. एकदाच पाहता येण्याची सोय फोटो, व्हिडिओ आणि आवाजाला आहे, दस्तऐवजाला नाही. सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण तोवर कुणी फाइल दुसरीकडे ठेवली किंवा पुढे पाठवली तर ती प्रत तुमच्या हातात राहत नाही.

आधारसाठी स्कॅनची गरजच नाही. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, आणि फाइलला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. ती फाइल पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. पूर्ण क्रमांकच हवा असं कुणी म्हणालं, तर का हवा ते विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो वापरा.

“कॅफेला एक रुपयाही देऊ नका”

लांब मुद्रांकाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी पटण्यासारखं आहे: ए-फोर काचेच्या स्कॅनरवर 14 इंची पान मावतच नाही, फोनमध्ये मावतं. पण शिवलेली पुस्तिका, जुना लॅमिनेट केलेला दाखला किंवा चाळीस पानांची फाइल असेल तर कॅफेचं मशीनच बरं. आकाराचाही प्रश्न येतो. रंगीत पानांची फाइल सहज एक-दोन एमबीची होते आणि अर्जाच्या चौकटीशेजारी 500 केबीची मर्यादा लिहिलेली असते. तेव्हा पानाच्या कडेची चादर नीट कातरा, आणि अर्जात वेगवेगळ्या कागदांना वेगळे रकाने असतील तर प्रत्येकाची वेगळी फाइल करा. तरीही बसली नाही तर फाइल लहान करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधार किंवा बँकेचं पासबुक चढवू नका. कॅफेत हे काम चार-पाच मिनिटांत होतं. तिथे फाइल पेन ड्राइव्हवर न्या. दुकानाच्या नंबरवर पाठवलीच, तर काम झाल्यावर त्यांच्या समोरच्या स्क्रीनवरून, चॅटमधून आणि डाउनलोडच्या फोल्डरमधून, ती आपल्यासमोर पुसून घ्या.