स्लॅबच्या काँक्रीटमधलं पाणी: ठेकेदारदादांच्या आक्षेपाला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं: "पुस्तकं वाचून साइट चालत नाही. पाणी कमी घातलं तर माल सळयांत उतरत नाही. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतोय, एकही स्लॅब पडला नाही." तिन्ही मुद्द्यांना उत्तर देतो, कारण यातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे.

बरोबर मुद्दा आधी. घट्ट माल बीमच्या दाट सळयांत उतरत नाही. सेंटरिंग काढल्यावर खाली खडी उघडी दिसते, पोकळ्या राहतात आणि मग वरून सिमेंट फासून ते झाकलं जातं. असं काँक्रीट धोक्याचंच. माल चालता हवा, यावर आपलं एकमत आहे. तो पाण्याने चालता करायचा की दुसऱ्या कशाने, एवढाच वाद आहे.

आता एका गोणीचा हिशोब मांडू. ५० किलो सिमेंटला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५० चं प्रमाण. सिमेंटला स्वतःच्या रासायनिक क्रियेसाठी साधारण २० लिटर पुरतात. बाकीचं पाणी फक्त माल हलावा म्हणून असतं. ते नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात.

बहुतेक साइटवर चूक होते ती वाळूत. एम-२० या ताकदीच्या मालात गोणीमागे साधारण ८० किलो वाळू पडते. ती ओली असेल तर पाणी तिच्यातूनच येतं. एक किलो वाळू घ्या, कढईत पूर्ण कोरडी होईपर्यंत परता आणि पुन्हा वजन करा. ९५० ग्रॅम भरली तर ५० ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ८० किलोत ४ लिटर. मिक्सरमध्ये २५ नाही, २१ लिटरच ओतायचे. प्रत्यक्षात काय होतं? वाळूचं पाणी धरलंच जात नाही आणि पूर्ण २५ पडतात, झाले २९. मग वरून आवाज येतो, "माल घट्ट आहे," आणि अर्धी बादली, म्हणजे आणखी ६ लिटर. एकूण ३५, प्रमाण ०.७०. कुणी मुद्दाम काही बिघडवलं नाही, तरी २८ दिवसांची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरली.

मग स्लॅब पडत का नाही? डिझाइनमध्ये भार दीडपट धरलेला असतो आणि काँक्रीटची ताकदही १.५ ने भागून वापरलेली असते. तुमचा पातळ माल हीच राखीव ताकद खातो. शिवाय स्लॅबमधला ताण सळया घेतात, त्यामुळे कमजोर काँक्रीट लगेच कळत नाही. खरं नुकसान सावकाश होतं. छिद्रांतून हवा आणि ओल आत जाते, सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण संपतो, गंजलेली सळई फुगते आणि खालचं २० मिलिमीटरचं कव्हर पापुद्र्यासारखं सुटतं. तोवर ठेकेदाराचा हिशोब कधीच चुकता झालेला असतो; छताचे तुकडे पडतात ते घरमालकाच्या डोक्यावर. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. म्हणूनच काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला किमान एम-३० आणि जास्तीत जास्त ०.४५ चं प्रमाण सांगतं.

माल चालता करायचा तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा. बऱ्याच प्रकारांत गोणीमागे १०० ते २०० मिलिलिटर लागतं, पण डब्यावरचं प्रमाण पाळा. ते कोरड्या मालावर ओतू नका, शेवटच्या दोन-तीन लिटर पाण्यात मिसळून घाला. जास्त पडलं तर माल उशिरा आवळतो किंवा खडी वेगळी होते. सोबत व्हायब्रेटरची नीडल उभी उतरवा, बुडबुडे थांबले की हळू वर काढा. नीडलने माल आडवा ढकलत नेला तर खडी एकीकडे आणि सिमेंटचं पाणी दुसरीकडे जातं.

चालतेपणा नजरेने ठरवू नका. माल किती बसतो हे मोजायचा शंकूसारखा साचा, म्हणजे स्लम्पचा कोन, ३०० मिलिमीटर उंच असतो. तीन थरांत भरा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे द्या, कोन सरळ वर उचला. माल ७५ ते १०० मिलिमीटर बसला की हाताने ओतायच्या स्लॅबला पुरे. एका बाजूला घसरून कोसळला तर पुन्हा भरा. मिक्सरजवळच्या बादलीवर लिटरची खूण रंगाने करून ठेवा. त्या खुणेशिवाय हा सगळा हिशोब कागदावरच राहतो.

तरीही माझं पटत नसेल तर पुढच्या स्लॅबला १५० मिलिमीटरचे सहा क्यूब भरा. तीन मोजलेल्या पाण्याचे, तीन तुमच्या नेहमीच्या मालाचे. सगळे दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून एकाच टाकीत पाण्यात ठेवा आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये फोडून घ्या. दोन्हींचे आकडे इथेच टाका. मी सांगितलं त्यापेक्षा वेगळे आले, तर वाळूच्या ओलीपासून सगळा हिशोब आपण दोघे मिळून पुन्हा तपासू.