मुलांच्या बँक खात्याचा तो फॉरवर्ड: अर्धा बरोबर, अर्धा धोकादायक

"आरबीआयचा नवीन नियम!! १० वर्षांच्या पुढच्या मुलांचं खातं आता मुलंच चालवणार, पालकांची सही बंद, एटीएम आणि चेकबुक बँकेला द्यावंच लागेल. १० च्या आतल्या मुलाला वडीलच गार्डियन लागतात, आई चालत नाही. १८ पूर्ण झाले की खातं आपोआप मेजरचं होतं, काही करायची गरज नाही. सगळ्या पालकांना पाठवा."

आधी पहिलं वाक्य. २१ एप्रिल २०२५ ला आरबीआयचं परिपत्रक आलंय हे खरं, पण त्यात १० किंवा जास्त वय असलेल्या मुलाला 'इच्छा असेल तर' स्वतः खातं उघडून चालवता येईल असं आहे, म्हणजे सक्ती कुणावरच नाही, आणि १२ वर्षांच्या मुलाचं खातं गार्डियनच्या सहीने चालू असेल तर ते तसंच चालू राहतं. ही मुभाही नवी नाही, २०१४ च्या परिपत्रकातही १० वर्षांचीच अट होती. मुलाने स्वतः चालवायच्या खात्यात किती रक्कम ठेवता येईल हे प्रत्येक बँक आपापल्या पॉलिसीने ठरवते, एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग द्यायचं की नाही हेही तिच्याच हातात आहे, त्यामुळे काउंटरवर 'द्यावंच लागेल' म्हणून भांडून काही होणार नाही. बँकेला बंधन आहे ते वेगळंच, की मायनरचं खातं कधीही मायनसमध्ये जाऊ द्यायचं नाही, मग ते कुणीही चालवो.

आईबद्दलचं वाक्य वाचून मला खरंच राग आला. आई गार्डियन म्हणून खातं उघडू शकते ही परवानगी आरबीआयने १९७६ मध्येच दिलीय, आणि २०२५ च्या परिपत्रकातही ती कायम आहे. हिंदू कायद्यात आधी वडील, 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय, त्यावरून वाद व्हायचे, पण १९९९ ला सुप्रीम कोर्टाने (तो खटला आरबीआयच्याच विरुद्ध होता) सांगितलं की 'नंतर' म्हणजे फक्त वडील वारल्यावर नाही, ते गैरहजर असतील, मुलाकडे बघत नसतील तेव्हाही आईच. एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईला हा फॉरवर्ड वाचून 'नवऱ्याला घेऊन या' हेच खरं वाटेल, म्हणून हे लिहितेय. आजी-आजोबा, मामा, काका यांचं मात्र वेगळं आहे, ते नुसत्या नात्याने गार्डियन होत नाहीत, आईवडील नसतील तर सहसा कोर्टाचा गार्डियन म्हणून आदेश लागतो.

आता 'आपोआप मेजर'. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं.

समजा मुलीचा जन्म १४ ऑगस्ट २००७ चा, खातं आईच्या सहीने चालायचं. १४ ऑगस्ट २०२५ चा दिवस सुरू झाला की मुलगी सज्ञान, आणि आईचा त्या खात्यावरचा अधिकार तिथेच संपला. पैसे पहिल्यापासून मुलीचेच होते, आई फक्त तिच्या वतीने सही करत होती. आता अठरा तारखेला कॉलेजची फी भरायला आई विड्रॉल स्लिप घेऊन गेली तर बँक परत पाठवणार, आणि ते बरोबरच आहे. मुलीची सही चालेल का, तर तीही नाही, कारण तिची सहीच बँकेकडे नाही! खात्यात पैसे आहेत आणि काढता दोघींनाही येत नाहीत.

यातून सुटायला मुलीला स्वतः जावं लागतं. नवीन सहीचा नमुना, खातं पुढे कसं चालवायचं याच्या सूचना, फोटो, आधार, पॅन (नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म), आणि खातं गार्डियन चालवत असेल तर शिल्लक बरोबर असल्याचं कन्फर्मेशन. ते कन्फर्म करायच्या आधी पासबुक भरून घ्या आणि मुलीला सगळ्या एंट्री बघू द्या, पैसे तिचे आहेत. मोबाईल नंबर आईचाच असतो, तोही त्याच वेळी बदलून टाका नाहीतर ओटीपी आईच्या फोनवर जात राहतील.

मुलगा १० व्या वर्षापासून स्वतःच खातं चालवत असला तरी नवीन सही आणि सूचना द्याव्याच लागतात. पाचवीतली सही आणि बारावीतली सही जुळत नाही, चेक परत येतो.

अडकतं कुठे? एक म्हणजे आधार. १५ व्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अपडेट केलेलं नसलं की बोटाचे ठसे जुळत नाहीत आणि केवायसी तिथेच थांबतं. दुसरं, मुलं शिकायला दुसऱ्या शहरात गेलेली असतात आणि खातं गावाकडच्या शाखेत, तेव्हा तिकडच्या शाखेत हे काम होईल का ते निघायच्या आधी विचारून घ्या. बँकांनी याची आगाऊ सूचना द्यायची असं परिपत्रकात आहे, पण ती जुन्या पत्त्यावर किंवा बंद नंबरवर गेली तर तुम्हाला कळणार कसं? त्यामुळे वाढदिवसाच्या महिनाभर आधी शाखेतून फॉर्म आणून ठेवा, आणि ऑगस्टमध्ये फी भरायची असेल तर ती रक्कम गार्डियनच्या सहीने वाढदिवसाच्या आधीच भरून टाका.