खिडकी म्हणजे पाणी

वर्षाचा शेवटचा दिवस आहे आणि मी सकाळपासून चिडलेली आहे. एक नातेवाईक आईला भेटायला आले. तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "ओळखलंस का मला?" आणि मग तिच्यासमोरच मला विचारलं, "हिला काही समजतं का गं?"

समजतं. सगळं समजतं. तिला ऐकूही नीट येतं.

फेब्रुवारीत आईला अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, म्हणून उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती मला सारखं "खिडकी, खिडकी" म्हणत होती. मी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ती रडायला लागली. तिला पाणी हवं होतं. तहान कळत होती, पाणी कळत होतं, फक्त शब्द हाताला लागत नव्हता. त्याजागी भलताच शब्द यायचा.

आणि हीच बाई दुसऱ्या आठवड्यात माझ्यासोबत बेचा पाढा बे दाहे वीसपर्यंत घडाघडा म्हणाली! मला वाटलं, वाचा परत आली. स्पीच थेरपिस्टनी समजावलं की पाढे, वार, आरत्या हे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं, ते बऱ्याचदा शाबूत राहतं. मनातला शब्द शोधून काढणं वेगळं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले.

माणसं प्रेमापोटीच येतात, मान्य. पण तिला एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा. आणि मग थांबा. तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. दहा-पंधरा सेकंद गप्प बसणं इतकं जड आहे का?

खरं सांगू, मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या सकाळी आईचं तोंड किंचित वाकडं दिसलं होतं, हातातून कप सुटला होता. मी म्हटलं, रात्री झोप झाली नसेल, पड जरा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा सहा तास होऊन गेले होते. इंजेक्शन मिळूनही सगळं परत येतंच असं नाही, डॉक्टरांनीच सांगितलं. तरी ते "पड जरा" माझ्या कानातून जात नाही.

हे वर्ष विसरा, असे मेसेज येतायत. मी नाही विसरणार. याच वर्षात आई डाव्या हाताने जेवायला शिकली, काठी घेऊन अंगणापर्यंत गेली.

नातेवाईक गेल्यावर ती मला म्हणाली, "खिडकी." मी हलले नाही. तिने मान हलवली, "नाही." डोळे मिटले. मी मनात आकडे मोजत राहिले. अकरा झाले असतील.

"पा... पाणी."

तांब्या भरून आणला. अर्धा तिने प्यायला, अर्धा मी.