सांध्याचं कार्ड रद्दीत टाकायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

*"गुडघा किंवा खुबा बदलल्यावर जे कार्ड देतात ती नुसती कंपनीची जाहिरात आहे. जपून ठेवायची काही गरज नाही. एक्स-रेमध्ये सगळं दिसतं, हॉस्पिटलकडे रेकॉर्ड असतंच. विमानतळावर ते कार्ड कोणी विचारत नाही. एकदा सांधा बसला की एमआरआय कायमचा बंद, आणि दुखत नसेल तर दाखवायला जायचं कारण नाही. सर्वांना पाठवा."*

सर्वांना पाठवलं गेलं, आणि राजारामपुरीतल्या माझ्या मावशीनं कार्ड रद्दीच्या पिशवीत टाकलं. ते वेळेत सापडलं. ज्यांचं सापडणार नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक्स-रेचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्यानं होणार आहे. बदललेल्या गुडघ्यात साधारण तीन भाग असतात: मांडीच्या हाडावर बसवलेली धातूची टोपी, नडगीच्या हाडावरची धातूची बैठक, आणि या दोघांच्या मधली प्लास्टिकची गादी. कधी वाटीच्या मागे चौथा तुकडा बसवतात. यातली गादी पॉलिएथिलीनची असते आणि ती एक्स-रेमध्ये दिसत नाही. दोन धातूंमध्ये दिसते ती फक्त मोकळी जागा. ती जागा कमी झाली की गादी झिजली असा अंदाज बांधता येतो. पण गादी कोणत्या मापाची, किती मिलिमीटर जाडीची, कोणत्या मॉडेलची, हे फिल्मवर छापलेलं नसतं. अनुभवी सर्जन धातूच्या आकारावरून कंपनी ओळखतात, काही वेळा मॉडेलही सांगतात. पण बॅच नंबर एक्स-रेवरून कुणालाच सांगता येत नाही.

हे महत्त्वाचं का, ते एका उदाहरणानं सांगतो. समजा 2011 मध्ये एका बाईंचा उजवा गुडघा बदलला. चौदा वर्षांनी गुडघ्यात पाणी भरतंय, चालताना गुडघा बाहेरच्या बाजूला झुकतोय. एक्स-रेत आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसते, पण धातूचे दोन्ही भाग हाडाला घट्ट आहेत आणि सरळ रेषेत आहेत. जंतुसंसर्ग नाही हे पाणी तपासून पक्कं केलं. अशा वेळी काही रुग्णांमध्ये फक्त गादी काढून नवी बसवता येते. पण गादी ज्या खाचेत अडकते ती प्रत्येक कंपनीची, कित्येकदा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. एका कंपनीची गादी दुसरीच्या बैठकीत बसत नाही. म्हणून सर्जनला ऑपरेशनच्या आधी मॉडेल आणि माप कळलं पाहिजे, म्हणजे जुळणाऱ्या गाद्या दोन-तीन जाड्यांत मागवून ठेवता येतात.

कार्ड असेल तर त्यावर खोक्यातून काढून चिकटवलेली स्टिकर असतात, एकेका भागाचं एकेक. प्रत्येकावर कंपनी, भागाचं नाव, माप, 'रेफ' म्हणजे कॅटलॉग नंबर आणि 'लॉट' म्हणजे बॅच नंबर. मांडीच्या भागावर डावा की उजवा तेही असतं. एका फोनवर कंपनीच्या माणसाकडून कळतं की गादी मिळते की नाही. कार्ड नसेल आणि ओळख चुकली, तर पाय उघडल्यावर लक्षात येतं की आणलेली गादी बसतच नाही. मग एकतर ऑपरेशन अर्धवट थांबवायचं, नाहीतर घट्ट बसलेला धातू हाडातून सोडवून सगळाच सांधा पुन्हा बदलायचा. त्यात हाड जातं, लांब दांड्याचे भाग लागतात, खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. मॉडेलच बंद झालं असेल तर कार्ड असूनही गादी मिळणार नाही, हेही खरं. पण ते टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

"हॉस्पिटलकडे रेकॉर्ड असतंच." किती दिवस? मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीत भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायला सांगितलंय, आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायला. सांधा चालतो पंधरा-वीस वर्षं. मधल्या काळात हॉस्पिटल बंद होतं, डॉक्टर जागा बदलतात. आणि 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरीच्या तळमजल्यांवर किती पाणी होतं हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

आता एएसआर खुब्याचं प्रकरण, कारण "जाहिरात" या शब्दाचं खरं उत्तर त्यात आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीनं हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला. घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं, आजूबाजूचं मांस खराब होत होतं. भारतात हे खुबे सुमारे 4,700 शस्त्रक्रियांमध्ये बसवले गेले होते. केंद्र सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार त्यातल्या सुमारे 3,600 रुग्णांचा पत्ताच लागला नाही. शोधण्याची जबाबदारी कंपनीची होती, रुग्णाची नव्हे. तरी ज्याच्या हातात स्टिकर होतं त्याला आपल्या खुब्यात काय बसवलंय हे त्याच दिवशी कळू शकत होतं. नसलेल्याला कागद शोधत फिरावं लागणार.

विमानतळाचं निम्मं खरं आहे, मान्य. उजळाईवाडी असो की मुंबई, धातूचा सांधा असेल तर दारातलं यंत्र वाजू शकतं, आणि कार्ड दाखवलं म्हणून तपासणी टळत नाही. हातातल्या यंत्रानं आणि हातानं तपासतातच. कार्डाचा उपयोग एवढाच की यंत्र का वाजलं ते दोन वाक्यांत सांगता येतं. त्यासाठी कार्ड देतच नाहीत.

एमआरआय कायमचा बंद, हे चूक. हल्लीचे बहुतेक सांधे टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमचे असतात आणि ठरलेल्या अटींवर एमआरआय करता येतो. सांध्याजवळचं चित्र तेवढं विस्कटतं. त्या अटी कोणत्या हे तंत्रज्ञ मॉडेलवरून बघतो, म्हणजे परत कार्डच.

"दुखत नसेल तर जाऊ नका" हे मात्र घातक आहे. गादीच्या झिजेचा बारीक कचरा हाड आतून पोखरतो, आणि बराच काळ काहीच दुखत नाही. ते एक्स-रेतच दिसतं. म्हणून कार्डाच्या मागे तारखा असतात: टाके, मग सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष, आणि पुढे सर्जन सांगेल त्या अंतरानं. त्याच बाजूला खबरदाऱ्या असतात, आणि त्या सगळ्यांना सारख्या नसतात. मागच्या बाजूनं खुबा बदलला असेल तर पहिले काही आठवडे पाय खुब्यात काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, मांडीवर मांडी टाकायची नाही. पुढून केला असेल तर सूचना वेगळ्या. शेजारच्याचं ऐकून नको. आणि सांधा गरम होऊन सुजला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर गल्लीतल्या दुकानातून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आधी सांध्यातलं पाणी तपासायला द्यायचं असतं. गोळ्या आधी पोटात गेल्या की जंतू तपासणीत सापडेलच असं नाही.

कार्ड मिळालंच नसेल तर डिस्चार्जच्या कागदात आणि बिलात बघा. 2017 मध्ये गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आली तेव्हापासून बिलात इम्प्लांटचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहायचा असतो. सापडलं की स्टिकर एकदा मोजा: गुडघ्याला किमान तीन, वाटी बदलली असेल तर चार, सिमेंटचं असेल तर आणखी एखादं. गादीचं स्टिकर नसेल तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज देऊन ऑपरेशन नोटची प्रत मागा, 3 वर्षं व्हायच्या आत. दोन्ही बाजूंचे फोटो काढून मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर पाठवा. गरम लॅमिनेशन करू नका. स्टिकर थर्मल कागदावर छापलेलं असेल तर उष्णतेनं काळं पडतं आणि नेमका बॅच नंबरच वाचता येत नाही. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, आधार कार्डाशेजारी ठेवा.