लिव्हर चारवर: रोइंग मशीनच्या एका मेसेजला उत्तर

«पळणाऱ्यांनी रोइंग मशीनच्या नादी लागू नये. १) ते हातांचं मशीन, पायांना काही मिळत नाही. २) करायचंच तर लिव्हर १० वर टाका, नाहीतर व्यायामच होत नाही. ३) अर्धा तास फेस येईपर्यंत ओढलं तरच दम वाढतो. ४) पाठीची वाट लागते. ५) एकच फायदा, धक्का नाही, म्हणून दुखापतीत रोज कितीही करा आणि बरं वाटलं की थेट पळायला लागा.»

एप्रिल लागला की जळगावच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपांत हा मेसेज उगवतो. त्याच सुमारास सकाळी सातलाच ऊन चटके द्यायला लागतं आणि दोन-चार जणांच्या नडग्या दुखायला लागलेल्या असतात. आमच्या ग्रुपमधल्या एका मास्तरांनी या मेसेजवर विश्वास ठेवून काय केलं ते मी शेजारच्या ट्रेडमिलवरून पाहिलंय. म्हणून उत्तर त्यांच्याच हिशोबाने देतो.

पहिल्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. मशीनची सीट सरकती का असते, एवढं विचारा. हातांनीच ओढायचं असतं तर सीट घट्ट बसवली असती. पाय फूटप्लेटवर रोवून गुडघे सरळ करायचे, मग कमरेतून मागे झुकायचं आणि शेवटी हँडल बरगड्यांपाशी आणायचं, असा क्रम आहे. निम्म्याहून जास्त ताकद मांड्या आणि नितंबांतून येते. आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नावेत १३ वा आला. तो ज्या खेळात उतरला होता तो मुळात पायांनी ढकलण्याचा खेळ आहे. मशीनवर बसून तुमचे हात आधी दुखले तर तुम्ही पाय वापरलेच नाहीत, असं समजा.

दुसऱ्या मुद्द्यात मोठी गफलत आहे. पंख्याच्या मशीनवरचं लिव्हर म्हणजे वजन नव्हे. पंख्याच्या डब्यात हवा किती शिरू द्यायची, एवढंच ते ठरवतं. १० वर जास्त हवा शिरते, पंखा दोन स्ट्रोकच्या मध्ये लवकर मंदावतो आणि पुढचा स्ट्रोक जडशीळ लागतो. ३-४ वर पंखा फिरता राहतो आणि स्ट्रोक हलका, चपळ लागतो. सायकलच्या गिअरसारखंच आहे हे: गिअर बदलला म्हणून मेहनत आपोआप वाढत नाही, ती तुम्ही किती जोर लावता त्यावर ठरते. पंखा किती मंदावला हे मॉनिटर प्रत्येक स्ट्रोकला मोजतो आणि हिशोब त्याप्रमाणे लावतो. १० वर ओढणाऱ्याला तो एक वॅटही फुकट देत नाही. फरक पडतो तो कंबरेला आणि बोटांना, कारण जड स्ट्रोकचा झटका तिथे बसतो.

लिव्हरचा आकडा दोन मशीनवर सारखा नसतो, ही आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या जिममध्ये धूळ काय कमी असते का? जाळीत धूळ बसली की हवा कमी शिरते आणि तुमचा ४ म्हणजे दुसरीकडचा ३ होतो. म्हणून लिव्हरकडे पाहू नका, ड्रॅग फॅक्टर पाहा, म्हणजे पंखा किती झपाट्याने मंदावतो याचा आकडा. PM5 मॉनिटरवर `More Options` मध्ये `Display Drag Factor` आहे. ते उघडून दहा-बारा स्ट्रोक मारले की आकडा दिसतो. पळणाऱ्याच्या लांब, सावकाश सेशनला ११० ते १२५ च्या आसपास ठेवला की काम झालं. चुंबकाच्या किंवा पिस्टनच्या स्वस्त मशीनवर हा आकडा मिळत नाही. तिथे स्प्लिटवरही, म्हणजे ५०० मीटरला लागणाऱ्या वेळावरही, फार विसंबू नका, नाडी आणि श्वास पाहा.

आता तिसरा मुद्दा, आणि मास्तरांची गोष्ट. वय ४२, हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांची, इझी रन किलोमीटरला ७ मिनिटांनी आणि त्यात हार्ट रेट १३८ ते १४५. नडगी दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी हाडाला चीर नाही याची खात्री केली, पण तीन आठवडे पळणं बंद सांगितलं. मास्तर मशीनवर बसले. लिव्हर १०, मिनिटाला ३२ स्ट्रोक, स्प्लिट २:१५. आठव्या मिनिटाला हार्ट रेट १६८ आणि हाताच्या मुठी आवळलेल्या. हँडल टाकून म्हणाले, «काय भो हे, यापेक्षा मेहरुणच्या तलावाला चार चकरा बऱ्या.»

त्यांचं चुकलं ते स्प्लिटच्या स्वभावात. पळणाऱ्याला तो किलोमीटरच्या पेससारखा वाटतो, पण तसा वागत नाही. पळताना किलोमीटरमागे २५ सेकंद कमी केले, ७ मिनिटांवरून ६:३५ वर आलात, तर मेहनत साधारण सहा टक्क्यांनी वाढते. मशीनवर ताकद वेगाच्या घनाने वाढते. २:४० च्या स्प्लिटला सुमारे ८५ वॅट लागतात. २:३० ला १०४. म्हणजे फक्त १० सेकंदांसाठी पाचव्या हिश्श्याहून जास्त जादा मेहनत. मास्तरांच्या २:१५ ला १४२ वॅट, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. «जरा दहा सेकंद कमी करून बघू» हा पळण्यातला निरागस मोह इथे इझी रनचं थेट टेम्पो रन करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं उलटं केलं. ड्रॅग फॅक्टर ११५. मिनिटाला २० स्ट्रोक, म्हणजे तीन सेकंदांत एक: एक सेकंद ढकलायचं, दोन सेकंद सावकाश पुढे यायचं. या दोन सेकंदांत माणसाला घाई होते. ती आवरली की निम्मं जमलं. स्प्लिट २:४०. आठ मिनिटं ओढायचं, एक मिनिट उठून कंबर सरळ करायची, पाणी प्यायचं, असं तीनदा. हार्ट रेट १३० ते १३६ मध्ये राहिला. धावण्यातल्या त्यांच्या इझी आकड्यापेक्षा हा आठ-नऊने कमी, आणि ते बरोबरच आहे: बसून व्यायाम करताना अनेक पळणाऱ्यांचा हार्ट रेट पळण्यापेक्षा ५ ते १० ने खाली राहतो. इथे १४५ गाठायला गेलात तर ते इझी उरत नाही. खात्री करायची तर बोलून पाहा. मध्ये श्वास न तोडता एखादं पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मास्तर पाढे म्हणत होते, सवय.

पुढच्या आठवड्यात चार वेळा आठ मिनिटं, तिसऱ्या आठवड्यात दोनदा वीस. चाळीस मिनिटांत मॉनिटरने ७५०० मीटर दाखवले आणि मास्तरांनी ते डायरीत साडेसात किलोमीटर म्हणून लिहिले. ते खोडायला लावलं. मशीनचा किलोमीटर आणि रस्त्याचा किलोमीटर यांचा काही संबंध नाही. चाळीस मिनिटांचं इझी रन चुकलं तर चाळीस मिनिटांचं रोइंग, एवढाच सौदा खरा.

मध्ये एक दिवस गडबड झाली. स्प्लिट २:४० वरच, स्ट्रोक २० च, पण हार्ट रेट शेवटच्या दहा मिनिटांत १३४ वरून १४९. पाय थकले नव्हते. जिमची वीज गेली होती आणि पंखा बंद होता. पळताना अंगाला निदान स्वतःच्या वेगाचा वारा लागतो, इथे बसल्या जागी तोही नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा बाजूला पंखा नसेल तर सेशन करू नका किंवा स्प्लिट १० सेकंदांनी सोडा. उलट, हार्ट रेट जागेवर आहे पण तोच स्प्लिट टिकवायला स्ट्रोक २० चे २४ होताहेत, तर पायांनी ढकलणं सोडलंय. त्या दिवशी तिथेच थांबावं.

चौथा मुद्दा निम्मा खरा आहे. रोइंग करणाऱ्यांची कंबर दुखते, ती त्या खेळातली नेहमीची तक्रार आहे. पण पळणाऱ्यांच्या बाबतीत ती बहुधा एकाच चुकीतून येते: पाय झपकन सरळ होतात, सीट मागे सरकते आणि हँडल मात्र जागेवरच राहतं. मग उरलेला सगळा भार वाकलेली कंबर उचलते. सीट आणि हँडल एकाच क्षणी हलले पाहिजेत. बाजूने मोबाईलवर अर्धा मिनिट शूटिंग केलं की हे लगेच दिसतं. दुसरी खूण सकाळी उठल्यावर: मांड्या भरून आल्या असतील तर ठीक, कंबर आखडली असेल तर क्रम चुकला. पायाचे पट्टे सोडून पाच मिनिटं हळू ओढून बघा. शेवटी धड फार मागे झोकून देत असाल तर पाय प्लेटवरून उचलले जातील. आणि दम टिकला तरी पाठ आधी थकून गोल होते, म्हणून सुरुवातीला ती आठ मिनिटांनी उठायची सक्ती आहे.

मला सगळ्यात राग येतो तो पाचव्या मुद्द्याचा, कारण तो गोड बोलून घात करतो. ४० मिनिटांच्या इझी रनमध्ये पाऊल साधारण ६८०० वेळा जमिनीवर आदळतं, दर वेळी अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार घेऊन. मशीनवर तेवढ्याच वेळात ८०० वेळा ढकलणं आणि आदळणं शून्य. नडगीला विश्रांती मिळते ती यामुळेच. पण नडगीचं हाड आणि पोटरीची शीर दणकट राहतात तीही त्याच आदळण्यामुळे. तीन आठवड्यांत मास्तरांचा दम टिकला, हाडाची तयारी मात्र उतरली. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हटल्यावर पहिल्याच रविवारी ते ८ किलोमीटर पळाले. छातीला काही वाटलंच नाही, म्हणून थांबले नाहीत. सोमवारी नडगी पुन्हा ठसठसायला लागली.

दुसऱ्यांदा त्यांनी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटांपासून सुरू केलं, एक दिवसाआड. मधल्या दिवशी मशीन. नडगी दुसऱ्या सकाळी शांत असेल तरच पळण्याचं एक मिनिट वाढवायचं. पुन्हा सलग ८ किलोमीटरपर्यंत यायला पाच आठवडे लागले. आता बरे असतानाही मंगळवारचं इझी रन ते मशीनवरच काढतात.

आणि «दुखापतीत कितीही करा» तर नाहीच. बसल्यावर नितंबाच्या खाली, मांडीच्या मागच्या स्नायूच्या मुळाशी दुखत असेल तर रोइंग ते वाढवतं, कारण वाकून बसण्याने नेमकी तीच जागा दाबली जाते. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर गुडघा पूर्ण दुमडून पुढे येऊ नका, नडगी उभी व्हायच्या आधीच थांबा. तरी दुखलं तर सायकल बरी. पाठीची नस दबलेली असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत या मशीनवर बसूच नका.