खुलासा: गुणसूत्र गोल असल्याचं एका प्रयोगात दिसलं नव्हतं

“ई. कोलाय जीवाणूच्या एचएफआर पेशींची जोडी मिक्सरमध्ये तोडली, जनुकं क्रमाने गेलेली दिसली, आणि त्यावरूनच गुणसूत्र गोल असल्याचं सिद्ध झालं.”

एचएफआर पेशी म्हणजे दुसऱ्या, ग्राही पेशीशी जोडी जमवून तिला आपली जनुकं ओळीने देणाऱ्या दात्या पेशी. वरच्या दाव्यातलं शेवटचं विधान घाईचं आहे. वोलमन आणि जाकोब या शास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात ठरावीक मिनिटांनी जोड्या तोडल्या, दात्या पेशी स्ट्रेप्टोमायसिनने मारल्या आणि ग्राही पेशींत काय पोचलं ते पाहिलं. एचएफआर-एच या वाणात थ्रिओनिनचं जनुक साधारण 8व्या मिनिटाला पोचतं, लॅक्टोजचं 18च्या आणि गॅलॅक्टोजचं 25च्या सुमारास. यातून मिळतो तो सरळ रेषेतला नकाशा! शिवाय त्याचं शेपूट धूसर असतं: जोड्या आपोआपही सुटतात, म्हणून उशिराची जनुकं फार थोड्या पेशींत पोचतात.

गोलाई कळली ती वेगवेगळ्या एचएफआर वाणांची तुलना केल्यावर. एचमध्ये थ्रिओनिन सुरुवातीला, तर थायमिन अगदी शेवटी. दुसऱ्या एका वाणात मात्र थ्रिओनिनच्या पाठोपाठ थायमिनच येतं, आणि पुढचा सगळा क्रम उलटा. म्हणजे एचच्या नकाशाची दोन टोकं खरं तर शेजारी आहेत. जनुकं देण्याची क्षमता ज्यामुळे येते तो एफ घटक गुणसूत्रात कुठे आणि कोणत्या दिशेने बसला आहे, एवढाच वाणांमधला फरक.